कलाटणी न फोडता शीर्षक आणि पाठराखण कशी लिहावी

कलाटणी असलेल्या कादंबरीची पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा ओळखीचा मजकूर, लिहिताना लेखक सहसा दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. कथेचा खरा जोर शेवटात आहे हे त्याला ठाऊक असते, त्यामुळे त्या शेवटाची थोडी तरी चुणूक दाखवण्याचा मोह त्याला आवरत नाही आणि रहस्य फुटते. किंवा रहस्य फुटेल या धास्तीने तो इतके झाकतो की मलपृष्ठावर ‘नात्यांच्या गुंत्यात दडलेले एक गूढ’ यापलीकडे काही उरत नाही, आणि तेवढ्यावर कोणी पुस्तक उघडत नाही. या दोन्ही चुका एकाच समजुतीतून होतात. पुस्तक विकायचे ते कलाटणीच्या बळावर, अशी ती समजूत आहे. माझ्या मते शीर्षक आणि पाठराखण यांनी कलाटणीच्या बाजूलाही फिरकू नये. पहिल्या पन्नास-साठ पानांत जे आहे तेच त्यांनी विकावे आणि ते विकताना वाचकाची नजर अशा दिशेला लावावी की कलाटणी दुसऱ्याच दिशेने येईल.

हे कसे करायचे ते एका कल्पित कादंबरीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू. कथानक असे आहे. मीरा तेरा वर्षांची असताना तिचे वडील मोहन एका पहाटे घराबाहेर पडले आणि परतले नाहीत. पुढच्या वर्षापासून मीराच्या प्रत्येक वाढदिवसाला त्यांचे एक पत्र येते. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. मीराच्या अठराव्या वाढदिवसाला आलेल्या पाचव्या पत्राच्या तळाशी तिच्या आईसाठी, म्हणजे सुनंदासाठी, एक ओळ आहे: ‘आता मीराला सगळे सांग.’ सुनंदाजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. ती पत्रे घेऊन एका हस्ताक्षरतज्ज्ञाकडे जाते. अक्षर मोहनचेच आहे, असा निर्वाळा तो देतो. बऱ्याच शोधानंतर त्याच तज्ज्ञाला एका पत्राच्या कागदावर आधीच्या पत्रातील अक्षरांचे दाब उमटलेले दिसतात, आणि उलगडा होतो: पाचही पत्रे एकाच वहीच्या कागदांवर, एकाच रात्री, पाठोपाठ लिहिलेली आहेत. मोहन घर सोडल्यावर महिनाभरातच आजाराने वारला. पत्रे टपालात टाकत होता त्याचा मित्र राघव. सुनंदाला सत्य सांगणारे पत्रही त्याच्याच हाती दिले होते आणि तेवढे एकच पत्र राघवने तिला कधी दिले नाही.

पहिली पायरी: कलाटणी दोन वाक्यांत लिहून काढा

शीर्षकाचा विचार करण्याआधी एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत. पहिले वाक्य म्हणजे वाचकाचे गृहीतक, जे कलाटणीपर्यंत त्याला इतके स्वाभाविक वाटते की ते आपण गृहीत धरले आहे हेही त्याच्या ध्यानात येत नाही. दुसरे वाक्य म्हणजे ते गृहीतक मोडणारे सत्य. आपल्या उदाहरणात गृहीतक असे आहे की पत्र ज्या वर्षी आले त्याच वर्षी ते लिहिले गेले, म्हणून लिहिणारा त्या दिवशी जिवंत होता. सत्य असे आहे की सगळी पत्रे आधीच लिहून ठेवलेली होती.

हे काम क्षुल्लक वाटते, पण बहुतेक लेखक ते टाळतात, कारण ‘मोहन मेलेला असतो’ हीच कलाटणी असे त्यांना वाटत असते. ते तसे नाही. मोहन कदाचित जिवंत नसेल, ही शंका कोणत्याही चाणाक्ष वाचकाला विसाव्या पानावरच येते, आणि हस्ताक्षरतज्ज्ञ अक्षर खरे असल्याचे सांगतो तेव्हा ती मावळते. खरी कलाटणी काळाची आहे: पत्र कोणी लिहिले यापेक्षा ते केव्हा लिहिले यात ती आहे. हे एकदा स्पष्ट झाले की काय झाकायचे आणि काय उघडपणे सांगितले तरी चालेल याची सीमा आपोआप दिसू लागते. पत्र, पाकीट, अक्षर, तज्ज्ञ, बेपत्ता माणूस हे सगळे सांगता येते. तारीख, वही, शाई, एक रात्र, आजार आणि राघव यांच्याबद्दल मात्र मलपृष्ठावर एक अक्षरही येता कामा नये. दोन वाक्यांखाली या निषिद्ध शब्दांची यादी लिहून ठेवावी. पुढच्या प्रत्येक मसुद्यावरून ती एकदा फिरवावी लागते.

दुसरी पायरी: दर्शनी प्रश्न निवडा

वाचक पुस्तक उचलतो तो एखाद्या प्रश्नासाठी. कलाटणी ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न मलपृष्ठावर विचारायचा नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा प्रश्न लागतो. त्याला मी दर्शनी प्रश्न म्हणतो. त्याच्या दोन अटी आहेत. तो कथेत खरोखर असला पाहिजे आणि त्याचे उत्तर पुस्तकात मिळाले पाहिजे. वाचकाला चकवण्यासाठी एखादा बनावट प्रश्न मलपृष्ठावर टांगला आणि आत त्याचा मागमूसही नसला, तर कलाटणी कितीही उत्तम असो, वाचक फसवणुकीच्या भावनेनेच पुस्तक मिटतो.

आपल्या कथेत दर्शनी प्रश्न होऊ शकतील असे तीन आहेत. मोहन कुठे आहे? पत्रे खरी की बनावट? आणि सुनंदाला माहीत असायला हवे होते असे ‘सगळे’ म्हणजे काय? पहिला प्रश्न स्थळाचा आहे आणि कलाटणी काळाची, त्यामुळे तो वाचकाला नकाशा शोधायला लावतो आणि दिनदर्शिकेकडे त्याचे दुर्लक्ष होते. म्हणून तो सुरक्षित आहे. दुसरा थोडा धोक्याचा आहे, कारण पत्रांबद्दल संशय घ्यायला सांगितले की वाचक सगळ्याच बाजूंनी संशय घेऊ लागतो. तिसरा मला सर्वात उत्तम वाटतो. तो फक्त याच कथेचा आहे, त्यात सुनंदाची कोंडी दिसते आणि त्याचे उत्तर पुस्तकाच्या अगदी शेवटी मिळत असूनही प्रश्न विचारल्याने उत्तराचा सुगावा लागत नाही. तेव्हा पाठराखणीचा कणा तिसरा प्रश्न आणि त्याला आधार पहिल्याचा, असे ठरवू.

दर्शनी प्रश्न योग्य निवडला आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. त्या प्रश्नाला वाचक जी चार-पाच संभाव्य उत्तरे मनाशी देईल ती स्वतः लिहून पाहावीत. त्यांत खरे उत्तर पहिल्या दोनांत आले, तर प्रश्न बदलावा. ‘पत्रे खरी की बनावट?’ या प्रश्नाला ‘कोणीतरी दुसराच पाठवत असणार’ हे उत्तर लगेच सुचते, आणि ते सत्याच्या फार जवळ जाते.

तिसरी पायरी: किती पानांपर्यंतचे सांगायचे

कथेत एक क्षण असा असतो की त्यानंतर मुख्य पात्राला मागे फिरता येत नाही. पाठराखणीने त्या क्षणापर्यंत यावे आणि थांबावे. साधारण अडीचशे पानांच्या कादंबरीत तो क्षण पन्नासाव्या-साठाव्या पानाच्या आसपास, म्हणजे पहिल्या चौथ्या हिश्शात येतो. तो त्याहून बराच उशिरा येत असेल, तर अडचण पाठराखणीची नसून कादंबरीच्या सुरुवातीची आहे, आणि ती मलपृष्ठावर दुरुस्त होत नाही.

आपल्या कथेत तो क्षण म्हणजे पाचव्या पत्रातील ओळ वाचून सुनंदा पाचही पत्रे घेऊन तज्ज्ञाकडे निघते तो. तज्ज्ञाचा निर्वाळा मलपृष्ठावर द्यावा का, याचा मी बराच विचार केला असता आणि शेवटी नकोच म्हटले असते. तो निर्वाळा दिला तर पत्रांवरचा संशय मलपृष्ठावरच फिटतो हे खरे. पण मधल्या भागातला एक मोठा ताण आपण फुकट वाटून टाकतो आणि वर ‘अक्षर खरे, तरीही काहीतरी चुकते आहे’ असा विचार वाचकाच्या डोक्यात पेरतो.

चौथी पायरी: शीर्षक

कलाटणीच्या कथेचे शीर्षक दोनदा वाचले जाते: एकदा पुस्तक उघडण्याआधी आणि एकदा ते मिटल्यावर. पहिल्या वाचनात त्याचा एक सरळ, पुरेसा अर्थ लागला पाहिजे. दुसऱ्या वाचनात त्याच शब्दांखालून दुसरा अर्थ वर आला, तर उत्तमच. दुसरा अर्थ नसला तरी चालते. पहिला अर्थ अपुरा असेल तर मात्र चालत नाही, कारण शीर्षक अर्धवट वाटले की वाचक राहिलेला अर्थ शोधत बसतो आणि नेमका तिथेच पोहोचतो.

शीर्षके सुचू लागली की पहिली सात-आठ फार सहज येतात, आणि तीच धोक्याची असतात, कारण लेखकाचे मन शेवटावर खिळलेले असते. आपल्या कथेसाठी अशी नावे घेऊन पाहू. ‘मृत्यूनंतरची पत्रे’ या नावाने सगळेच संपते. ‘एका रात्रीची पत्रे’ कानाला फार गोड लागते, आणि म्हणूनच लेखक ते सोडायला तयार होत नाही; पण त्यात कलाटणी शब्दशः लिहिलेली आहे. ‘तारीख’ हे नाव चतुर आहे. पत्राला तारीख असणारच, वाढदिवसाचीही तारीख असते, त्यामुळे ते वरवर निरुपद्रवी दिसते. तरी शीर्षकात जो शब्द असतो तो वाचक पानापानांत शोधतो, आणि आतल्या प्रत्येक तारखेपाशी तो थबकू लागेल. ‘प्रतीक्षा’, ‘ओढ’, ‘गुंता’ या नावांनी काही फुटत नाही, पण ती इतर शेकडो पुस्तकांना तितकीच शोभतील. ‘पाचवे पत्र’ बरे आहे: त्यात ठोस वस्तू आहे, संख्या आहे आणि आधीच्या चार पत्रांचे कुतूहल आहे. फक्त पुस्तक मिटल्यावर त्यात नवे काही सापडत नाही.

मग दर्शनी प्रश्नाकडे परत यावे. प्रश्न स्थळाचा आणि माणसाचा आहे, तेव्हा नावही तिथलेच असावे. ‘बिनपत्त्याची पत्रे’ हे नाव वाचकाला ‘कुठे’ याच्या मागे धाडते. पुस्तक संपल्यावर कळते की पत्ता नव्हता, कारण लिहिणाराच कुठे नव्हता. पाकिटावर छापलेला शब्द उचलला तर आणखी आटोपशीर नाव मिळते: ‘प्रेषक’. वाचण्याआधी तो मोहन आहे. वाचल्यावर प्रश्न पडतो की प्रेषक कोणाला म्हणायचे, लिहिणाऱ्याला की पेटीत टाकणाऱ्याला? या नावात दुसरा अर्थ अधिक खोल आहे, पण धोकाही अधिक आहे, कारण ‘पाठवणारा कोण’ ही शंका ते आपणहून जागवते. दोन्हीतले एक माझ्यावर सोपवले तर मी ‘बिनपत्त्याची पत्रे’ घेईन. जिथे मोठा अर्थ आणि कलाटणीची सुरक्षितता यांत निवड करावी लागते, तिथे सुरक्षितता निवडावी, कारण अर्थाची भर पुस्तक आतून घालू शकते. फुटलेले रहस्य मात्र पुन्हा जोडता येत नाही.

नाव पक्के करण्याआधी दोन व्यावहारिक गोष्टी पाहाव्यात. शीर्षकाला स्वतंत्र कॉपीराइट बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे त्याच नावाचे पुस्तक आधी असले म्हणून कायदा सहसा आडवा येत नाही. पण ऑनलाइन शोधात तुमच्याऐवजी दुसरेच पुस्तक वर आले, तर नुकसान तुमचे होते. म्हणून नाव टाकून एकदा शोध घ्यावा. दुसरे म्हणजे मुखपृष्ठाचे चित्र बोटभर रुंदीचे करून फोनवर पाहावे. ‘बिनपत्त्याची पत्रे’ दोन ओळींत स्पष्ट वाचता येते. त्याखाली लांबलचक उपशीर्षक जोडले, तर दोन्ही वाचता येत नाहीत, आणि उपशीर्षक लिहिताना लेखक हमखास काहीतरी जास्त सांगून बसतो.

पाचवी पायरी: पाठराखण

मलपृष्ठावर दिसते तितकी जागा नसते. एका कोपऱ्यात आयएसबीएनचा बारकोड असतो, किंमत आणि प्रकाशकाचे नाव असते, कधी लेखकाचा परिचय आणि छायाचित्रही असते. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकात सुखाने वाचता येईल असा मजकूर शंभर ते दीडशे शब्दांचा होतो. दोनशेच्या पुढे गेलात तर अक्षर बारीक करावे लागते, आणि दुकानात उभ्याने पुस्तक चाळणारा माणूस बारीक अक्षर वाचत नाही.

आता मसुदे पाहू. पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘मोहन आपल्या मुलीला दर वर्षी वाढदिवसाला पत्र पाठवतो. पण तो स्वतः कधीच घरी येत नाही. ही पत्रे त्याने खरोखर त्या त्या वर्षी लिहिलेली आहेत का? मित्र राघव काय लपवतो आहे? शेवटच्या पानावर वाचकाला हादरवून सोडणारी कलाटणी!’

यात चार दोष आहेत आणि चारही नेहमीचे आहेत. सर्वात वाईट तिसरे वाक्य. प्रश्नचिन्ह लावले की रहस्य झाकले जाते, असे लेखकाला वाटते; प्रत्यक्षात ज्या गृहीतकाचा उच्चार होतो ते तिथेच मोडते. पत्र त्याच वर्षी लिहिले असेल का, असा विचार वाचक स्वतःहून कधीच करत नव्हता. तो आपण त्याला दिला. दुसरा दोष राघवचा. मलपृष्ठावर ज्याचे नाव येते त्याचे महत्त्व वाचक गृहीत धरतो, म्हणून ज्या पात्राने शेवटापर्यंत पार्श्वभूमीत राहायचे आहे त्याचे नाव, नाते किंवा व्यवसाय तिथे येऊ देऊ नये. तिसरा दोष पहिल्याच वाक्यात आहे: ‘मोहन पत्र पाठवतो’ हे खोटे आहे. चौथा दोष शेवटच्या वाक्यात. कलाटणी आहे, एवढे सांगणे हीसुद्धा रहस्याची अर्धी फोड असते, कारण मग वाचक कथा जगत नाही, तो पहारा देत बसतो आणि प्रत्येक साध्या वाक्यावर संशय घेतो.

इथे एक अभ्यास आठवतो. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी असा निष्कर्ष मांडला होता की शेवट आधी कळला तरी वाचकांना लघुकथा आवडतात, किंबहुना जरा अधिकच आवडतात. 2015 मधील एका दुसऱ्या अभ्यासात याच्या उलट, रहस्य न फुटलेल्या कथा अधिक उत्कंठावर्धक वाटल्या, असे आढळले. पहिल्या अभ्यासाचा दाखला देऊन ‘फुटले तर फुटू दे’ म्हणणारे लेखक मी पाहिले आहेत. त्यांना माझे उत्तर असे की हातात दिलेली कथा किती आवडली आणि पैसे देऊन पुस्तक घ्यावेसे वाटले का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पाठराखणीचा संबंध दुसऱ्याशी आहे.

पहिल्या मसुद्याला घाबरून लेखक दुसरा लिहितो, तो असा: ‘प्रेम, विरह आणि विश्वासाच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या एका स्त्रीची हृदयस्पर्शी कहाणी. जे दिसते ते खरेच असते का?’ यात रहस्य सुरक्षित आहे, कारण यात कथाच नाही. तपासण्याची रीत सोपी आहे: हाच मजकूर दुसऱ्या एखाद्या कादंबरीच्या मलपृष्ठावर चालेल का? चालत असेल, तर तो कोणाच्याच उपयोगाचा नाही.

तिसरा मसुदा लिहिताना एक नियम मी कटाक्षाने पाळतो. पाठराखणीतील निवेदक खोटे बोलत नाही. चूक समजायचे असेल ते पात्राने समजावे. मराठीची वाक्यरचना इथे फार उपयोगी पडते. ‘मोहन दर वर्षी पत्र पाठवतो’ हे असत्य आहे, पण ‘दर वर्षी मोहनच्या अक्षरातले एक पत्र येते’ हे पूर्ण सत्य आहे, आणि पत्र ‘येते’ म्हणणे इतके रुळलेले आहे की पाठवणारा वाक्यातून गळला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तसेच ‘पाच वर्षांपूर्वी मोहन गेला’ असे लिहिले तर त्यातून निधनाचा अर्थ निघतो, म्हणून ‘घराबाहेर पडला’ असे लिहावे. ‘मोहन कुठेतरी जगतो आहे’ हे वाक्य निवेदकाने कधीच लिहू नये. सुनंदाच्या मनात ते येऊ शकते.

याच ओघात एक इशारा द्यावासा वाटतो. एखाद्याची कलाटणी पात्र स्त्री आहे की पुरुष यावर उभी असेल, तर मराठीत क्रियापद घात करते. ‘येतो’ आणि ‘येते’ यांतून गुपित बाहेर पडते, आदरार्थी ‘आले’ आणि ‘आल्या’ यांतूनही पडते. ‘डॉक्टर रोज येतात’ अशी वर्तमानकाळाची आदरार्थी रचना मात्र लिंग दाखवत नाही. अशा कथेची पाठराखण तिच्या आधाराने आणि सर्वनामे टाळून लिहावी लागते.

आता तिसरा मसुदा:

‘पाच वर्षांपूर्वी एका पहाटे मोहन घराबाहेर पडला आणि परतला नाही.

तेव्हापासून दर वर्षी, मुलीच्या वाढदिवसाला, एक पाकीट येते. आत मोहनच्या अक्षरातले एक पानभर पत्र असते. पाकिटावर पत्ता नसतो.

सुनंदाने कधी चौकशी केली नाही. लेकीचा वाढदिवस ज्याच्या लक्षात राहतो त्याला घरचा रस्ता का आठवत नाही, हे विचारायचे तरी कोणाला?

मीरा अठरा वर्षांची होते त्या दिवशी आलेल्या पाचव्या पत्राच्या तळाशी प्रथमच सुनंदासाठी एक ओळ आहे: “आता मीराला सगळे सांग.”

मीरा समोर उभी आहे, उत्तराची वाट पाहत. आणि सुनंदाला सांगण्यासारखे काहीच माहीत नाही.’

हा मजकूर शंभर शब्दांच्या आत बसतो. निषिद्ध शब्दांपैकी त्यात एकही नाही. राघव नाही, तज्ज्ञ नाही, आजार नाही. प्रत्येक वाक्य कलाटणी कळल्यानंतर वाचले तरी खरेच राहते, आणि तिसऱ्या परिच्छेदातील ‘ज्याच्या लक्षात राहतो’ हा गैरसमज सुनंदाचा आहे, निवेदकाचा नाही. शेवटचे वाक्य प्रश्नचिन्हाने संपत नाही, याकडेही पाहावे. प्रश्न परिस्थितीतच उभा असेल, तर तो वेगळा विचारावा लागत नाही. ‘प्रथमच सुनंदासाठी’ हे शब्द मी मुद्दाम ठेवले, कारण आधीची पत्रे फक्त मीरासाठी होती हा खरा दुवा त्यातून उघड मिळतो. ज्याने पुस्तक वाचले नाही त्याला तो दुवा वाटतच नाही. एवढी उदारता पाठराखणीने दाखवावी. पुस्तक मिटून मलपृष्ठ पुन्हा वाचणाऱ्याला त्यात काहीतरी सापडावे.

सहावी पायरी: दोन प्रकारच्या वाचकांकडून तपासून घ्या

ज्यांनी हस्तलिखित वाचलेले नाही अशा चार-पाच जणांना फक्त शीर्षक आणि पाठराखण द्यावी. ‘आवडले का’ असे विचारू नये, कारण ओळखीचा माणूस होच म्हणतो. दोनच प्रश्न विचारावेत: ही कथा कशाबद्दल असेल, आणि शेवटी काय निघेल असे वाटते? उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. एकाने ‘मोहनचे दुसरे घर असणार’, दुसऱ्याने ‘तो तुरुंगात असेल’, तिसऱ्याने ‘पत्रे सुनंदाच लिहीत असेल’ असे सांगितले, तर दर्शनी प्रश्न आपले काम करतो आहे. एखाद्याने ‘तो मेला असेल’ म्हटले तरी घाबरण्याचे कारण नाही. ते उत्तर पुस्तक मध्यावर खोडून काढते. पण कोणी ‘आधी लिहून ठेवली असतील’ म्हटले, तर त्याला कोणत्या शब्दावरून तसे वाटले ते विचारावे आणि तो शब्द काढावा. शब्द सांगता आला नाही, नुसताच अंदाज होता, तर एकट्या माणसाच्या अंदाजासाठी मजकूर मोडू नये. सगळ्यांनीच ‘काही सांगता येत नाही’ म्हटले, तर मजकूर धूसर आहे असे समजून दुसऱ्या पायरीवर परत जावे.

मग पूर्ण कादंबरी वाचलेल्या एक-दोघांना तोच मजकूर द्यावा आणि त्यांना एवढेच विचारावे की यातील कोणते वाक्य आता खोटे वाटते. हे काम लेखकाला स्वतःला जमत नाही. आपण काय झाकले आहे हे त्याला इतके ठाऊक असते की झाकण सरकलेले त्याला दिसत नाही.

पाठराखणीच्या बाहेर कुठून फुटते

मलपृष्ठ इतके जपूनही रहस्य अनेकदा दुसरीकडून बाहेर पडते. मुखपृष्ठावर चित्रकाराने एकाच वहीची पाच फाटलेली पाने काढली, तर सगळे मुसळ केरात. चित्रकाराला पूर्ण कथा सांगावी लागली, तरी निषिद्ध शब्दांची यादी त्यालाही द्यावी. अनुक्रमणिकेतील प्रकरणांची नावे शेवटाकडून वर वाचून पाहावीत. ‘राघवची कबुली’ असे प्रकरणाचे नाव तिथे असेल तर बदलावे. मान्यवरांचे अभिप्राय छापताना ‘शेवटी काळाचा जो खेळ उलगडतो’ अशी वाक्ये त्यांच्या परवानगीने गाळावीत. अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश ही तर खरी पळवाट आहे: हस्ताक्षरातील दाब तपासण्याची माहिती देणाऱ्यांचे आभार पुस्तकाच्या सुरुवातीला मानले, तर वाचक पहिल्या पानाआधीच तज्ज्ञ झालेला असतो. ते आभार शेवटच्या पानांत न्यावेत.

ऑनलाइन विक्रीच्या पानावर हाच मजकूर वेगळ्या रीतीने दिसतो. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर ‘अधिक वाचा’ येते आणि बहुतेकांची नजर तिथेच थांबते, म्हणून तिथे लेखकाचे पुरस्कार किंवा पुस्तकाचा प्रकार न सांगता पहाट, पाकीट आणि नसलेला पत्ता यांनीच सुरुवात करावी. काही ठिकाणी वर्णनासाठी हजारो अक्षरांची मुभा असते. अॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेवर ती 4000 अक्षरांची आहे. ती सगळी वापरायची म्हणून कथानक पुढे ओढू नये. शोधशब्द भरताना ‘मृत्यूनंतरची पत्रे’ असा शब्दसमूह विक्रीला फायद्याचा वाटला, तरी तो टाळून ‘बेपत्ता वडील’, ‘कौटुंबिक रहस्यकथा’ यांवर थांबावे, कारण शोधात ‘मृत्यूनंतरची पत्रे’ टाकणाऱ्याला पुस्तक सापडते तेच उत्तरासकट. परीक्षणासाठी प्रत पाठवताना सोबतच्या पत्रात कोणत्या पानापुढचे उघड करू नये हे एका ओळीत लिहावे. आपल्या उदाहरणात ते पान तज्ज्ञाकडे पहिली भेट होते तिथले.